माल संपला आहे, पुढचा १६ मेला

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी दुपारी भाच्याने मला एक मजकूर तपासायला पाठवला. माझी मावसबहीण कोल्हापूरला घरीच कांदा-लसूण मसाला करून विकते, तिचं इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप भाचा बघतो, आणि शुद्धलेखन माझ्याकडे असतं. मजकूर असा होता: ‘अवघ्या २४ तासांत सोल्ड आउट!!! तुमच्या प्रेमाने भारावून गेलोय. पुढचा लॉट कधी? सांगता येत नाही... पण तो याहून मर्यादित असेल. आत्ताच वेटलिस्टमध्ये नाव टाका, नाहीतर वर्षभर हळहळाल!’

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. बाकीचं मात्र बरंच चुकलं होतं. विक्री रविवारी सकाळी नऊला सुरू झाली आणि सोमवारी दुपारी एकला संपली, म्हणजे २८ तास. माल होता ५० किलो, पाव किलोच्या २०० पुड्या. त्यातल्या ६० पुड्या जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून आधीच सांगून ठेवल्या होत्या. ८ पुड्या ताईने स्वतःच बाजूला काढल्या होत्या, कारण तेलाचा मसाला कुरिअरमध्ये कधीकधी फुटतो आणि बदली पुडी द्यावी लागते. उघड विक्रीला आल्या त्या १३२. आणि ‘सांगता येत नाही’ हे तर साफच खोटं होतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यातला एक दिवस तिने मसाला कुटणाऱ्या डंकवाल्याकडे कधीच धरून ठेवला होता, आणि दुसऱ्या खेपेची ब्याडगी मिरची माळ्यावर येऊन पडली होती.

‘अरे, तारीख ठरलीय ना?’ मी विचारलं.

‘ठरलीय, पण सांगितली तर मजा काय राहिली मावशी? सगळे असंच लिहितात.’

सगळे असंच लिहितात हे खरं आहे, म्हणूनच हा लेख. माल संपल्यावर लिहिलेल्या चार ओळी वरकरणी आभाराच्या असतात, पण त्यात विक्रेता गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगतो किंवा लपवतो: पुढचा माल कधी, किती, आणि मला मिळेल का. माझ्या मते टंचाई खरी की बनावट हे ओळखायला एवढी एकच खूण पुरते. ‘संपला’ या शब्दापुढे विक्रेत्याला माहीत असलेली तारीख लिहिलेली असेल तर ती माहिती आहे. माहीत असून लिहिली नसेल तर तो दाब आहे.

‘कृत्रिम टंचाई’ हा शब्द आपल्याकडे इन्स्टाग्रामच्या फार आधीचा आहे. साखर, रॉकेल, कांदा गोदामात दडवला की वर्तमानपत्रं हाच शब्द वापरायची. तेव्हा व्यापारी माल दडवायचा, आता तारीख दडवतात. मालाची साठेबाजी कायद्याने गुन्हा ठरते, तारखेची साठेबाजी लोकांना हुशारी वाटते.

उलट जुन्या दुकानांच्या दारावरची खडूने लिहिलेली पाटी आठवून बघा. ‘वडे संपले. संध्याकाळी ५ वाजता मिळतील.’ पुण्याच्या पाट्यांची आपण फार थट्टा करतो, पण या पाटीत आभार नाहीत, उद्गारचिन्ह नाही, आणि उपाशी माणसाला जे हवं ते सगळं आहे. पाच वाजेपर्यंत थांबायचं की समोरच्याकडे मिसळ खायची हे तो स्वतः ठरवू शकतो. भाच्याच्या मजकुरात नेमकं ते ठरवणंच काढून घेतलं होतं.

भाच्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही, हेही सांगते. दुर्मिळ दिसणारी गोष्ट माणसाला जास्त हवीशी वाटते. १९७५ साली अमेरिकेत स्टीफन वॉर्शेल आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. बरणीत दहा बिस्किटं असताना त्यातलं एक चाखायला दिलं, आणि काहींना बरणीत फक्त दोन असताना तेच बिस्किट दिलं. दोनच्या बरणीतलं बिस्किट लोकांना अधिक हवंसं वाटलं. दहाची बरणी डोळ्यांदेखत दोनवर आली की आणखीच, आणि इतरांनी नेली म्हणून कमी झाली असं कळलं की सगळ्यात जास्त. म्हणजे ‘सोल्ड आउट’ची जादू तीच. पण त्याच प्रयोगात चवीच्या रकान्यात दुर्मिळ बिस्किटाला जास्त गुण मिळाले नव्हते. हवंहवंसं वाटणं वाढलं, बिस्किट आहे तसंच राहिलं. एकदाच घ्यायच्या वस्तूला हे चालून जातं. मसाला घरात वर्षभर रोज ताटात येतो. घाई करून चार पुड्या घेतलेल्या बाईला जूनमध्ये कळतं की आपल्याला दोनच लागतात. उरलेल्या दोन डब्याच्या तळाशी जुन्या होतात, आणि पुढच्या मार्चमध्ये ती काहीच मागवत नाही. बहिणीच्या वहीत अशी नावं आहेत.

कायद्याचंही थोडं सांगायला हवं, कारण ‘सगळे लिहितात’ म्हणणाऱ्यांना ते सहसा ठाऊक नसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्या दिल्या आहेत, आणि त्यातली पहिलीच आहे खोटी घाई. उदाहरण दिलंय हॉटेलचं: दोनच खोल्या उरल्यात, तीस जण आत्ता बघतायत. ही तत्त्वं मोठ्या वेबसाइटपुरती नाहीत, जाहिरातदार आणि विक्रेतेही त्यात येतात. कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात दिल्लीचा कोणी अधिकारी येणार नाही, ते जाऊ दे. पण आपण लिहिलेल्या वाक्याला सरकारदरबारी नाव पडलंय, एवढं माहीत असावं.

इथे एक अडचण आहे, आणि ती मला भाच्यानेच दाखवली. ‘मावशी, मसाला खरंच कमी असतो. मग खरं सांगितलं तरी घाई होणारच ना?’ बरोबर आहे. म्हणून मसाला कमी का असतो ते नीट बघू, कारण खऱ्या टंचाईला कारण असतं आणि ते एका वाक्यात सांगता येतं.

नवी मिरची बाजारात येते हिवाळ्याच्या शेवटी. रंगासाठी ब्याडगी, ती हावेरी जिल्ह्यातून येते. चवीसाठी संकेश्वरी, तिला आमच्याकडे जवारी म्हणतात आणि ती गडहिंग्लजच्या बाजारात मिळते. तिखटपणासाठी थोडी लवंगी. मिरचीचे देठ खुडून ती कडक उन्हात वाळवावी लागते, इतकी की हातात घेतल्यावर खुळखुळली पाहिजे. दहा किलो आणली तर देठ आणि ओल जाऊन साडेआठ-नऊ किलो उरते. कांदा पातळ चिरून वाळवून तळला की किलोभराची मूठ-दोन मूठ होते. मग खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, आणि सगळं डंकावर न्यायचं. मार्च ते मे डंकावर रांग असते, दिवस आधी धरावा लागतो. मेमध्ये वळीव येऊ लागतो, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग लागला की वाळवण बंद. ओल राहिलेल्या मिरचीला बुरशी धरते, आणि बुरशीची मिरची भाजून वापरणं म्हणजे विष विकणं. तेव्हा पहिली खेप एप्रिलला, दुसरी मेमध्ये, आणि त्यानंतर थेट पुढचा मार्च. ही टंचाई कोणी बनवलेली नाही.

मग ती सांगायची कशी? भाच्याच्या पद्धतीने नुसतं ‘मर्यादित’ म्हटलं तर वाचणाऱ्याला कळत नाही की मर्यादा उन्हाची आहे की विक्रेत्याच्या मनाची. ‘दुसरी खेप ३० किलो, १६ मेला. त्यानंतर पाऊस, म्हणून पुढचा माल मार्चमध्ये’ असं म्हटलं तर घाई होईलच, पण ती गिऱ्हाइकाने स्वतः हिशेब करून ठरवलेली घाई असेल. ज्याच्या घरी अजून अर्धा किलो शिल्लक आहे तो निवांत मार्चपर्यंत थांबेल. अशा माणसाला थांबू देणं यातच प्रामाणिक आणि दाबाच्या मजकुरातला फरक आहे. तीच सोय वरच्या ८ पुड्यांची. ‘लोकाग्रहास्तव शेवटच्या ८ पुड्या!’ असं दुसऱ्या दिवशी टाकायचा मोह भाच्याला झालाच होता. मी म्हटलं, त्या बदलीसाठी आहेत असंच लिही. लिहिलं की मोह आपोआप सुटतो, कारण आता त्या विकल्या तर लोक विचारतील.

वेळेच्या बढाईचंही तसंच. २०१४ मध्ये शाओमीचे फोन फ्लिपकार्टवर काही सेकंदांत संपायचे आणि ते सेकंदच बातमी व्हायचे. किती नग होते आणि किती लोकांनी बटण दाबलं हे माहीत नसेल तर सेकंदांना काही अर्थ नाही. ‘२८ तासांत संपला’ हे खरं असूनही मी ते काढायला लावलं. ‘१९२ पुड्या, ७४ घरांत गेल्या’ हे त्याहून बरं वाक्य आहे. त्यात आभार आहेत, आणि व्याप किती लहान आहे हेही दिसतं. भाचा म्हणाला, एवढेच आकडे सांगितले तर लोकांना आपण छोटे वाटू. छोटे आहोतच की.

आता वेटलिस्टकडे येते, कारण खरा घोळ तिथेच होतो. वेटलिस्ट म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायची गरज नाही, रेल्वेने ते शिकवलंय. तिकिटावर GNWL 34/WL 12 असं दिसतं, म्हणजे काढलं तेव्हा चौतिसावे होतो, आता बारावे आहोत. रेल्वेवर आपण रागावतो, पण आपला नंबर किती आणि तो कुठवर सरकला हे ती सांगते. इन्स्टाग्रामवरच्या बहुतेक ‘वेटलिस्ट’ अशा नसतात. त्या नुसत्या फोन नंबरांच्या याद्या असतात. माल आला की सगळ्यांना एकदम संदेश जातो आणि पुन्हा जो पहिला पळेल त्याला. ज्या बाईने एप्रिलमध्ये सगळ्यात आधी नाव दिलं, ती दुपारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असली की गेली. याला यादी म्हणू नये. पुढच्या झुंबडीसाठी गर्दी गोळा करणं म्हणावं.

आम्ही केलेली व्यवस्था साधी होती. कमेंटमध्ये ‘मला पण’ लिहिलेलं धरायचं नाही, कारण तिथे क्रम आणि संख्या दोन्ही कळत नाही. गूगल फॉर्म ठेवला, त्यात वेळेची नोंद आपोआप होते. विचारलं फक्त नाव, फोन, पिनकोड आणि पुड्या किती. एका घराला तीनपेक्षा जास्त नाहीत. फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला भाच्याने त्याचा क्रमांक कळवला. माल तयार झाला की क्रमाने संदेश, पैसे भरायला ४८ तास, नाही भरले तर पुढच्याला.

पैसे आगाऊ घ्यायचे नाहीत, यावर घरात वाद झाला. भावोजींचं म्हणणं, आगाऊ घेतले की लोक पक्के होतात. ते खरं आहे. पण मिरची अजून उन्हात पडलेली असताना पैसे घेतले की ती यादी राहत नाही, ती विक्री होते, आणि पाऊस आला तर साठ जणांना परतावा देत बसायचं. फुकट यादीचा तोटा म्हणजे गळती. लोक तीन ठिकाणी नाव टाकतात, जिथे आधी मिळेल तिथे घेतात. म्हणून १२० पुड्यांसाठी यादी १५० पुड्यांवर बंद करायची ठरवली, आणि हेही मजकुरात लिहिलं. शेवटच्या तीस पुड्यांत नाव असणाऱ्याला कळायला हवं की त्याचं तिकीट कन्फर्म नाही.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, ती इथे सांगून ठेवते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच पोहोचते. बाकीच्यांना काही दिसत नाही, आणि आपल्यालाही काही कळत नाही. ४८ तासांची मुदत घालायची आणि संदेशच पोहोचू द्यायचा नाही, हा नकळत केलेला अन्याय. तेव्हा एकेकाला वेगळा संदेश, आणि उत्तर नाही आलं तर एक फोन. साठ-सत्तर घरांसाठी हे जमतं. सहाशेंसाठी जमणार नाही, तिथे एसएमएस किंवा ईमेलची सोय लागेल.

इन्स्टाग्रामवर लांब मजकूर पहिल्या दीड-दोन ओळींनंतर दुमडला जातो, उरलेला वाचायला बोट लावावं लागतं. बहुतेक लोक लावत नाहीत. म्हणून आभार खाली गेले आणि तारीख वर आली. भाच्याला हे फार रुक्ष वाटलं. शेवटी गेलेला मजकूर असा:

‘मसाला संपला. पुढची खेप १६ मेला, ३० किलो (१२० पुड्या).
या वेळच्या १९२ पुड्या ७४ घरांत गेल्या. त्यातल्या ६० पुड्या जुन्या मंडळींनी आधीच सांगून ठेवल्या होत्या. आणखी ८ पुड्या वाटेत फुटलेल्यांना बदली म्हणून ठेवल्या आहेत, त्या विकायच्या नाहीत. तुम्ही सगळ्यांनी घेतलात, शेजारी सांगितलंत, मनापासून आभार.
हवा असेल त्यांनी फॉर्म भरा. आगाऊ पैसे नकोत. तुमचा क्रमांक कळवू आणि माल आल्यावर क्रमाने विचारू. एका घराला ३ पुड्या. यादी १५० पुड्यांवर बंद करू, म्हणजे शेवटच्या काहींना कदाचित मिळणार नाही. भाव तोच.
मेनंतर पाऊस, त्यामुळे त्यापुढचा मसाला मार्चमध्ये. घरात शिल्लक असेल तर खुशाल तोपर्यंत थांबा. वळीव लवकर आला तर तारीख पुढे जाईल, तसं इथेच सांगू.’

‘खुशाल थांबा’ हे वाक्य भाच्याने दोनदा खोडलं, ताईने दोनदा परत लिहिलं. धंद्यातलं कोणी हे वाचून हसेल. ‘गिऱ्हाइकाला थांबा म्हणणारा दुकानदार’ असं म्हणेल. त्यातल्या एका आक्षेपाला मात्र मान द्यायला हवा: सगळं उघड सांगणं हे ज्याचा माल खपतो त्यालाच परवडतं. ज्याच्या यादीत नऊच नावं आली त्याने काय करावं? माझ्या मते त्याने आकडा लिहू नये, बस. आकडा न सांगणं हे खोटं नाही. नऊला ‘प्रचंड प्रतिसाद’ म्हणणं खोटं आहे. पण पुढची तारीख नऊ जणांनाही सांगावीच लागते.

यादीत ६३ घरं आली, मिळून १५० पुड्या, आणि फॉर्म बंद केला. ९ मेच्या दुपारी वळीव आला. गच्चीवरची मिरची उचलेपर्यंत दोन चादरींवरची भिजली, आणि ती ताईने सरळ टाकून दिली. डंकाचा दिवस हुकला, पुढचा मिळायला आठवडा गेला. १० तारखेला सकाळी तीन ओळी टाकल्या: पाऊस झाला, काही मिरची गेली, ३० ऐवजी २५ किलो होईल, १६ ऐवजी २२ मेला. त्यावर ‘काळजी घ्या’ म्हणणाऱ्या कमेंट आल्या तशा ‘मग तारीख कशाला दिली होती’ असंही एकाने विचारलं. विचारणारच. तारीख न देणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, हा तारीख न देण्याचा मोठा फायदा आहे.

२२ मेपासून क्रमाने संदेश गेले. १४ जणांनी तोवर दुसरीकडून घेतला होता, ५ जणांनी ४८ तासांत काही कळवलं नाही आणि फोनही उचलला नाही. ४२ घरांत शंभरच्या शंभर पुड्या गेल्या. फुटलेल्यांची बदली पहिल्या खेपेतल्या उरलेल्या पाच पुड्यांतून झाली. यादीच्या तळाच्या दोघींना मिळालं नाही. त्यांना ताईने स्वतः फोन केला. बासष्टावीने ‘ठीक आहे’ म्हणून ठेवला. त्रेसष्टावी नाशिकची, तिने विचारलं, ‘मग मार्चला माझा नंबर पहिला धरणार की पुन्हा फॉर्म भरायचा?’

याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी भाच्याकडे. मग तिने कॅलेंडरचं मार्चचं पान उलटून त्यावर पेन्सिलने दोन नावं लिहिली आणि फोनवर म्हणाली, ‘दुसरा. पहिला बासष्टाव्या ताईंचा.’